टिकच्या आधीची उबळ

झां-मार्क इतार हे नाव वाचकांना आठवत असेल तर ते आव्हेरोंच्या रानात सापडलेल्या मुलाला माणसांत आणू पाहणारा डॉक्टर म्हणून. याच इतारने १८२५ साली एका फ्रेंच वैद्यकीय नियतकालिकात सव्वीस वर्षांच्या एका सरदारघराण्यातल्या बाईची हकीकत लिहिली. मार्कीज द दांपिएर ही ती बाई. सातव्या वर्षी लिहिता लिहिता तिचा हात अचानक झटके देऊ लागला. घरच्यांना तो खोडसाळपणा वाटला, म्हणून त्यांनी तिला रागावून, शिक्षा करून पाहिलं. झटके हातातून खांद्यात, खांद्यातून मानेत आणि चेहऱ्यात गेले, मग तोंडून अर्थहीन आवाज निघू लागले. तिला स्वित्झर्लंडला नेलं, दुधाची स्नानं घातली, आणि काही काळ सगळं शांत झालं. लग्न झाल्यावर झटके परत आले. आता त्यांच्याबरोबर शिव्याही आल्या, त्याही चारचौघांत, गंभीर बोलणं चालू असताना.

असं का होतं, याचं तिने स्वतः दिलेलं स्पष्टीकरण इतारने नोंदवून ठेवलं आहे. एखादा शब्द जितका किळसवाणा वाटतो तितकी तो तोंडून निघेल ही भीती वाढते, आणि त्या भीतीनेच तो जिभेच्या टोकाशी येऊन बसतो. मग त्याला आवरणं तिच्या हातात राहत नाही. म्हणजे शब्द सुटायच्या आधी काहीतरी घडतं आणि ते तिला कळतं. या आजाराच्या वैद्यकीय इतिहासातली ही पहिली सविस्तर नोंद आहे, आणि पुढच्या दीडशे वर्षांत जे सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं गेलं ते तिच्यातच लिहिलेलं आहे. झटक्याआधीच्या या 'काहीतरी'ला मी इथे उबळ म्हणतो आहे. वैद्यकाला ती सापडायला इतका वेळ का लागला, आणि सापडल्यावर टिक थोपवण्याबद्दल काय उलगडलं, त्याचा हा मागोवा.

आजच्या व्याख्येप्रमाणे अठराव्या वर्षाच्या आत सुरू झालेल्या, वर्षाहून जास्त टिकलेल्या, शरीराच्या हालचालींच्या अनेक आणि आवाजाची निदान एक अशा टिक असल्या की त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. सुरुवात बहुधा पाच ते सात या वयात होते, आणि तीही डोळ्यांपासून. जोर दहा ते बारा या वयात सर्वाधिक असतो, आणि मोठेपणी बहुतेकांचा त्रास बराच ओसरतो. 'हिचकी' या २०१८ च्या चित्रपटामुळे हे नाव आपल्याकडे घरोघरी पोचलं. पण अजूनही टुरेट म्हटलं की शिव्या आठवतात, आणि त्या प्रत्यक्षात दहा-पंधरा टक्के रुग्णांतच दिसतात. मार्कीज अपवादातली होती. तिची गोष्ट प्रसिद्ध झाली ती त्या अपवादामुळेच.

१८८५ साली पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात झां-मार्तँ शार्को या विख्यात मेंदूतज्ज्ञाच्या हाताखाली काम करणाऱ्या जॉर्ज जिल द ला टुरेटने नऊ रुग्णांवर निबंध लिहिला. पहिली रुग्ण मार्कीजच होती, आणि तिची माहिती त्याने इतारच्या लेखातून घेतली. निबंधाच्या नावात स्नायूंचा ताळमेळ सुटणं, दुसऱ्याचे शब्द परत म्हणणं आणि अर्वाच्य बोलणं ही तीन लक्षणं होती. टुरेटचं निरीक्षण मोलाचं होतं: आजार लहानपणी सुरू होतो, कमी-जास्त होत राहतो, घराण्यात उतरतो, आणि बुद्धी शाबूत असते. शार्कोने आजाराला शिष्याचं नाव दिलं. पण तिन्ही लक्षणं बाहेरून पाहणाऱ्याला दिसणारी होती. आतून काय वाटतं हा प्रश्न त्या निबंधाच्या केंद्रात नव्हता.

तो प्रश्न सतरा वर्षांनी एका रुग्णाने स्वतःच आणला. आंरी मेज आणि ई. फांदेल यांनी १९०२ मध्ये टिक आणि तिच्या उपचारांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्याची सुरुवातच एका रुग्णाच्या निवेदनाने होते. ग्रंथात त्याला फक्त 'ओ' म्हटलं आहे. चोपन्न वर्षांचा, हुशार, बोलका माणूस. त्याने आपल्या टिकांचा जन्म, वाढ आणि बदल असे सांगितले आहेत की आजचा डॉक्टरही ते थांबून वाचेल. टिक करावीशी वाटणं अनावर असतं आणि केल्यावर समाधान मिळतं, हे त्यात आहे. ती रोखण्यासाठी त्याने शोधलेल्या क्लृप्त्याही आहेत. मान वळायला लागली की तो काठी हनुवटीशी टेकवून धरायचा. असे उपाय काही काळ चालत आणि मग निकामी होत, नाही तर त्यांचीच टिक बनून जाई.

इतका तपशील हातात असूनही मेज आणि फांदेल यांनी निष्कर्ष काढला तो इच्छाशक्तीच्या दुबळेपणाचा. टिकचा रुग्ण वयाने वाढतो पण त्याची इच्छा लहान मुलासारखी राहते, असं त्यांचं म्हणणं. 'ओ' सांगत होता की मी एका दाबाला उत्तर देतो आहे. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की हा नाही म्हणू शकत नाही. मला हा या इतिहासातला सर्वांत दुःखद क्षण वाटतो, कारण पुरावा समोर होता आणि तो देणाऱ्याच्या विरुद्धच वापरला गेला. एक गोष्ट मात्र त्यांच्या पदरात टाकली पाहिजे. त्यांनी लावून दिलेला व्यायाम असा होता: आरशासमोर न हलता बसायचं, आधी काही क्षण, मग रोज थोडं जास्त. या व्यायामाची आठवण पुढे ठेवावी. शंभर वर्षांनी तो वेगळ्या समजुतीसह परत आलेला दिसेल.

मधला काळ झपाट्याने ओलांडता येतो. १९२१ मध्ये शांदोर फेरेंत्सी या मनोविश्लेषकाने टिकचा अर्थ दडपलेल्या लैंगिकतेत लावला, आणि त्यासाठी त्याने आधार घेतला तो मुख्यतः मेज-फांदेल यांच्या ग्रंथातल्या मजकुराचा, म्हणजे पुन्हा त्याच 'ओ'चा. पुढची काही दशकं आई-वडिलांच्या वागण्यात आणि मुलाच्या मनातल्या संघर्षात कारणं शोधण्यात गेली.

मग औषध आलं. बेल्जियममध्ये १९५८ साली तयार झालेलं हॅलोपेरिडॉल १९६१ मध्ये फ्रान्समध्ये एका टुरेट रुग्णाला दिलं गेलं आणि टिक थांबल्या. १९६८ मध्ये न्यू यॉर्कच्या आर्थर आणि इलेन शपिरो या दांपत्याने एका चोवीस वर्षांच्या रुग्ण स्त्रीवर याच औषधाचा गुण प्रसिद्ध केला आणि मनोविश्लेषणाच्या स्पष्टीकरणांवर उघड टीका केली. हॅलोपेरिडॉल डोपामीन या रसायनाचे ग्राहक अडवतं, तेव्हा दोष मेंदूच्या रसायनात असणार, हे पारडं जड झालं. टेट्राबेनाझीन हे दुसरं औषध पेशींतला डोपामीनचा साठाच कमी करतं, आणि त्याची वंशावळ आपल्या दारापर्यंत येते. सर्पगंधेच्या मुळांचा रक्तदाबावरचा गुण मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, जगाचं लक्ष त्या वनस्पतीकडे गेलं, काही वर्षांत तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं गेलं, आणि रेसरपीनसारखं काम करणारं कृत्रिम औषध शोधताना टेट्राबेनाझीन हाती आलं.

औषधांनी रुग्णांवरचा दुबळेपणाचा आरोप पुसला, हे फार मोठं काम झालं. पण त्याचबरोबर टिक ही निव्वळ आपोआप होणारी हालचाल ठरली. रुग्णाला विचारण्यासारखं काही उरलं नाही असं वाटू लागलं.

१९८० आणि १९८१ ही दोन वर्षं शेजारी ठेवून वाचावीत. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मनोविकारशास्त्राच्या एका अग्रगण्य नियतकालिकात जोसेफ ब्लिस यांचा लेख आला. ब्लिस स्वतः टुरेटचे रुग्ण होते आणि साठाहून अधिक वर्षं त्यांनी टिकांसोबत काढली होती. त्यांनी सांगितलं की प्रत्येक टिकच्या आधी त्या जागी एक सूक्ष्म संवेदना उठते, इतकी बारीक की लक्ष दिलं नाही तर निसटते. हालचाल ही त्या संवेदनेला शमवण्यासाठी जाणूनबुजून केलेली कृती असते. कधी कधी ही संवेदना स्वतःच्या शरीराबाहेरच्या वस्तूतही जाणवते, असंही त्यांनी लिहिलं.

१९८१ मध्ये लंडनमध्ये ओबेसो, रॉथवेल आणि मार्सडेन यांनी सहा रुग्णांच्या डोक्यावर इलेक्ट्रोड लावले. आपण स्वेच्छेने हात हलवतो त्याच्या सुमारे एक-दीड सेकंद आधी मेंदूच्या मध्यभागी एक मंद विद्युतलहर चढू लागते. रुग्णांना त्यांच्याच टिकची नक्कल करायला सांगितली तेव्हा ती लहर दिसली. खऱ्या टिकच्या आधी मात्र नेहमीसारखी लहर दिसली नाही. नंतरच्या तपासण्यांत काहींच्या मेंदूत ती आढळली, पण बहुधा तोकडी आणि उशिराची.

ब्लिस म्हणतात मी करतो; यंत्र म्हणतं स्वेच्छेची खूण नाही. दोघांपैकी एक चुकतो आहे असंच वाटेल. येल विद्यापीठातल्या जेम्स लेकमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये हा तिढा सोडवायला साधा मार्ग घेतला: आठ ते एकाहत्तर वर्षं वयाच्या १३५ जणांना त्यांनी विचारलं. ९३ टक्क्यांनी उबळ जाणवते असं सांगितलं. ८४ टक्क्यांनी टिक केल्यावर सुटल्यासारखं वाटतं असं सांगितलं. आणि ९२ टक्क्यांच्या मते त्यांच्या टिक पूर्णपणे किंवा अंशतः त्या उबळीला दिलेलं ऐच्छिक उत्तर होतं. उबळ सर्वाधिक कुठे जाणवते याचा नकाशाही झाला: तळहात, खांदे, पोटाची मधली रेघ, घसा. उबळीची जाणीव मात्र टिक सुरू झाल्यावर सरासरी तीन वर्षांनी येते. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला 'का करतोस?' असं विचारलं आणि तो 'माहीत नाही' म्हणाला, तर तो खरं बोलतो आहे.

उत्तर असं निघालं की 'आपोआप' आणि 'मुद्दाम' या दोन खणांत टिक बसत नाही. उबळ मागितल्याशिवाय येते, तिला दिलेलं उत्तर थोडा वेळ लांबवता येतं, आणि शेवटी द्यावं लागतं. एखाद्या वस्तूकडे पाहत पापणी न लवता राहून बघा. पहिले काही क्षण काहीच नसतं, मग डोळ्यांत एक ताण जमतो, लक्ष सगळं त्या ताणाकडे ओढलं जातं, आणि पापणी लवते ती तुम्ही लववली की लवली हे तुम्हालाच सांगता येत नाही. उबळ अभ्यासताना संशोधकांनी निरोगी माणसांवर नेमका हाच प्रयोग वापरला आहे.

आता हे मेंदूत कुठे घडतं ते पाहू. मेंदूच्या पृष्ठभागाचा थर म्हणजे कॉर्टेक्स. तिथून हालचालींचे प्रस्ताव खोलवरच्या स्ट्रायटम या भागात उतरतात, तिथून ग्लोबस पॅलिडस नावाच्या गाठीत, तिथून थॅलॅमसमध्ये, आणि थॅलॅमसमधून परत कॉर्टेक्समध्ये. अलेक्झांडर, डीलाँग आणि स्ट्रिक यांनी १९८६ मध्ये दाखवलं की अशी वर्तुळं अनेक आहेत आणि समांतर चालतात: हालचालींचं वेगळं, डोळ्यांचं वेगळं, भावना आणि प्रेरणेचं वेगळं. ग्लोबस पॅलिडसच्या चेतापेशी सतत सक्रिय राहून थॅलॅमसला दाबून ठेवतात. हा कायम लावलेला ब्रेक. स्ट्रायटमच्या मुख्य पेशी एरवी गप्प असतात. त्यांतला एखादा नेमका पुंजका जागा झाला की तो त्या ब्रेकचा तेवढाच भाग सोडतो, आणि एक ठरावीक हालचाल मोकळी होते. बाकीच्या दाबलेल्याच राहतात.

या मुख्य पेशींना गप्प ठेवण्याचं काम स्ट्रायटममधल्या संख्येने थोड्या मध्यस्थ पेशी करतात. येलमध्ये फ्लोरा व्हाकारिनो यांच्या गटाने २००५ मध्ये मृत्यूनंतर मिळालेल्या टुरेट रुग्णांच्या मेंदूंत या मध्यस्थ पेशी मोजल्या तेव्हा त्या कमी भरल्या. नमुने मोजकेच होते आणि ते गंभीर आजाराच्या प्रौढांचे होते, म्हणून हा निष्कर्ष प्रत्येक मुलाला लागू करता येत नाही. पण माकडांवरच्या प्रयोगाने त्याला बळ दिलं. इस्रायलमधल्या मॅकेर्न, बार-गाड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये स्ट्रायटमच्या पुटामेन या भागात, मध्यस्थ पेशींचं रसायन निष्प्रभ करणाऱ्या द्रव्याचा बारीकसा थेंब सोडला. माकडाला टिकसारखे झटके येऊ लागले, आणि ते चेहऱ्याला येणार की हाताला हे थेंब नकाशावर कुठे पडला त्यावर ठरत होतं. २०१६ मध्ये असाच थेंब प्रेरणेच्या वर्तुळातल्या खालच्या भागात सोडल्यावर माकडं आवाजाच्या टिक करू लागली. हालचालीची टिक आणि आवाजाची टिक यांचं मूळ शेजारच्या पण वेगळ्या वर्तुळांत असावं, असा त्याचा अर्थ. डोपामीनचं काम यात पक्कं करण्याचं आहे: जी हालचाल केल्यावर सुटका मिळाली तिचा मार्ग तो अधिक गुळगुळीत करतो. म्हणून डोपामीन अडवलं की टिक कमी होतात, पण ब्रेकचा मूळ ढिलेपणा जात नाही.

माकडाला उबळ विचारता येत नाही. तिचा माग माणसांतच काढावा लागला. येलमध्येच इत्झाक फ्रीड आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी रुग्णांच्या कॉर्टेक्सवर ठेवलेल्या इलेक्ट्रोडमधून सौम्य प्रवाह सोडला. डोक्याच्या मधोमध, हालचालींची तयारी करणाऱ्या पट्ट्यात प्रवाह गेला तेव्हा काही रुग्ण म्हणाले, हात हलवावासा वाटतो आहे. हात हललेला नव्हता. त्याच जागी प्रवाह वाढवल्यावर काही वेळा हात खरोखर हलला. २००६ मध्ये बोलहाल्टर आणि सहकाऱ्यांनी दहा टुरेट रुग्णांचं मेंदूचित्रण केलं. टिकच्या दोन सेकंद आधी हाच पट्टा, शरीराच्या आतल्या संवेदना जोखणारा इन्सुला हा भाग आणि त्याच्या आसपासचे भाग उजळले. प्रत्यक्ष हालचालीचे भाग टिक सुरू होताना उजळले. १८२५ मध्ये मार्कीजने सांगितलेलं ते जिभेच्या टोकाशी बसणं एकशे एक्याऐंशी वर्षांनी पडद्यावर दिसलं.

एवढं कळल्यावर टिक थोपवणं अर्धवटच का जमतं याचं उत्तर जवळ येतं. थोपवण्याचं काम कपाळामागच्या कॉर्टेक्समधून होतं, आणि त्याचा जोर हालचालीच्या दरवाजावर पडतो. उबळ उठते ती इन्सुला आणि तयारीच्या पट्ट्याकडे, आणि स्ट्रायटममधला पुंजका तर आणखी खाली, आवाक्याबाहेर. दरवाजा धरून ठेवला म्हणून आतली ढकलाढकल थांबत नाही. जर्मनीतल्या २५४ मुलांच्या अभ्यासात (२००३) ६४ टक्के मुलं टिक थोपवू शकत होती, तर उबळ जाणवते असं ३७ टक्केच सांगत होती. थोपवणं आणि उबळ या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत, हे यावरून दिसतं.

थोपवण्याला लक्ष लागतं, आणि लक्ष हे मोजकंच असतं. मुलांना टिक थोपवत दुसरं एकाग्रतेचं काम करायला दिलं की त्या कामात चुका वाढतात. कोनेलिया आणि वुड्स यांनी २००८ मध्ये हे प्रयोगात दाखवलं. वर्गात दिवसभर शांत बसलेला मुलगा 'आज शिकवलं काय?' या प्रश्नाला गप्प राहतो, त्यामागे हे असू शकतं. शिक्षकांना शिस्त दिसते, आणि त्या शिस्तीसाठी त्याने गणिताचा तास खर्ची घातलेला असतो.

नुसतं 'थांब' म्हणण्याने किती फरक पडतो, हेही मोजलेलं आहे. वुड्स आणि हिमल यांनी २००४ मध्ये चार मुलांसमोर एक पेटी ठेवली. ही पेटी टिक मोजते, असं मुलांना सांगितलं होतं. खरं तर पलीकडून एक माणूस मोजत होता. नुसतं टिक करू नकोस असं सांगितल्यावर टिक सुमारे दहा टक्क्यांनी घटल्या. टिकविना गेलेल्या दर दहा सेकंदांना एक टोकन, आणि टोकनांचे पैसे, असं केल्यावर त्या तीन-चतुर्थांशाने घटल्या. मुलांत क्षमता होती, पण हुकूम तिला हात घालू शकला नाही. दुसरी समजूत अशी की दाबलेली टिक नंतर दुपटीने उसळते. प्रयोगशाळेत तशी उसळी आढळलेली नाही. घरी आल्यावर टिकांचा पाऊस पडतो तो बहुतेक दरवाजा सोडून दिल्यामुळे, साठलेल्या हिशेबाची वसुली म्हणून नव्हे. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण उसळीच्या भीतीने अनेक वर्षं कोणी थोपवण्यावर आधारलेले उपचार करायला धजत नव्हतं.

त्या उपचारांपैकी सर्वांत तपासलेला उपचार १९७३ मध्ये एझ्रिन आणि नन यांनी मांडला: सवय उलटवणं. एका कल्पित मुलावर तो कसा चालतो ते पाहू. दहा वर्षांचा आहे, मान उजवीकडे झटकतो, डोळे मिचकावतो, घसा खाकरतो. तिन्ही एकदम घ्यायच्या नाहीत. त्याला सर्वांत छळणारी मान आधी. समुपदेशक त्याच्याबरोबर बसून झटक्याचे टप्पे शोधतो: आधी उजव्या कानामागे काहीतरी आवळतं, मग खांदा किंचित उचलतो, मग मान जाते. कानामागचं आवळणं हा इशारा. तो जाणवला की बोट वर करायचं, हा पहिल्या आठवड्याचा अभ्यास. मग प्रतिक्रिया शिकवायची: हनुवटी थोडी छातीकडे, मानेचे दोन्ही बाजूंचे स्नायू हलके ताणलेले, नजर समोर, एक मिनिट किंवा उबळ ओसरेपर्यंत, जे जास्त असेल ते. ही हालचाल टिकच्या विरुद्ध असावी, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये, आणि तिला काठी किंवा दुसरं साधन लागू नये. 'ओ'च्या काठीने जे साधलं नाही ते इथे साधतं, कारण इथे त्याच स्नायूंना दुसरं काम दिलेलं असतं. घसा खाकरण्यासाठी नाकाने सावकाश श्वास, मिचकावण्यासाठी ठरवून मंद गतीने पापण्या लववणं.

दुसरं अर्धं काम घराचं. टिक कधी वाढतात याची नोंद करायची: गृहपाठाला बसताना, पाहुणे आल्यावर, आणि फार वेळा कोणी 'बघ, परत केलंस' म्हटल्यावर. त्या टोकण्याने लक्ष मानेकडे जातं आणि लक्ष गेलं की उबळ वाढते, म्हणून टोकणं बंद. आई रोज एकाच वेळी दहा मिनिटं टिक मोजते, मुलाला न सांगता. टिक मुळातच लाटांसारख्या कमी-जास्त होतात, त्यामुळे एका आठवड्याची घट गुण मानायची नाही; महिना-दीड महिन्याचे आकडे बघायचे.

बिघडण्याच्या जागाही ठरावीक आहेत. इशारा उशिरा कळला तर प्रतिक्रिया टिकच्या नंतर होते आणि निरुपयोगी ठरते. जोरात ताणलेली मान दुखू लागते. लहान मुलाला उबळच जाणवत नसेल तर सुरुवातीला पकड मिळत नाही. आणि एखादी झटपट टिक, विशेषतः डोळ्याची, इशाऱ्याइतका अवधीच देत नाही. याच जातीचा दुसरा उपचार नेदरलँड्समध्ये वाढला. त्यात कोणतीही प्रतिक्रिया न करता उबळीसमोर नुसतं बसायचं असतं, दर वेळी जास्त वेळ. मेज-फांदेल यांचा आरशासमोरचा व्यायाम तो हाच, फक्त दुबळ्या इच्छेचा ठपका काढून टाकलेला.

याची फळं २०१० मध्ये अमेरिकेत ९ ते १७ वयाच्या १२६ मुलांवर मोजली गेली. दहा आठवड्यांत आठ बैठका. सवय उलटवण्याच्या गटात ५२.५ टक्के मुलं स्पष्ट सुधारली, नुसतं समुपदेशन आणि आधार दिलेल्या गटात १८.५ टक्के. टिकांची तीव्रता पन्नासपैकी सरासरी २४.७ वरून १७.१ वर आली. म्हणजे चांगला गुण आला तरी टिक शून्य होत नाहीत. साधारण तिसरा हिस्सा कमी होतात. आणि टिक घटल्या तरी उबळ त्याच प्रमाणात घटतेच असं नाही, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलं. सुधारलेल्या मुलालाही कानामागे आवळतं. आता त्याच्याकडे त्याला देण्यासारखं दुसरं उत्तर असतं, एवढाच फरक, आणि त्या मुलासाठी तो लहान नाही.

तुमच्या घरात किंवा वर्गात डोळे मिचकावणारं, मान झटकणारं, घसा खाकरणारं मूल असेल आणि डोळ्यांच्या व घशाच्या डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं असेल, तर त्याला मेंदूविकारतज्ज्ञांकडे किंवा मुलांच्या मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. तोपर्यंत त्याला टोकू नका. परीक्षेत वेगळ्या खोलीत बसू द्या, वर्गातून दोन मिनिटं बाहेर जायची मुभा द्या. आणि ते आठ-नऊ वर्षांचं झालं असेल, तर एकदा शांतपणे विचारा, की हे करायच्या आधी अंगात कुठे काही वाटतं का. त्याचं उत्तर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. तपासणीच्या खोलीत मूल बहुधा टिक थोपवून बसतं, त्यामुळे तुमची नोंदच तिथे सर्वांत उपयोगी पडते.